खोलीतल्या तिजोरीची सूचना: पाहुण्याला टोचणार नाही आणि आपली बाजूही राहील, अशी कशी लिहावी?

रानपायवाट
नमस्कार मंडळी. मोहर्ली गेटजवळ भाऊ आणि मी नऊ खोल्यांचं रिसॉर्ट चालवतो. प्रत्येक खोलीत कपाटात आकडी तिजोरी आहे. दाराच्या आतल्या बाजूला आधीच्या मालकाच्या काळापासूनची पाटी आहे: "मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ग्राहकाची राहील. हरवल्यास किंवा चोरी झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. तक्रार ऐकून घेतली जाणार नाही."

मागच्या महिन्यात अकोल्याकडचं एक कुटुंब आलं होतं. चंद्रपुरातलं लग्न आटोपून आले होते, त्यामुळे दागिने सोबत होते. नातवानं खेळता खेळता तिजोरीचा नंबर बदलला. जेवायच्या वेळी आजीनं सांगितलं, उघडून द्या. आमचा मुलगा खोलीत गेला, मास्टर कोडनं तिजोरी उघडली, दार नुसतं लोटून ठेवलं आणि जेवणाच्या हॉलमध्ये येऊन "झालं जी" म्हणून सांगितलं. रात्री गोफ होता, पोत होती, एक अंगठी दिसत नव्हती. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलानं पाटीकडे बोट केलं आणि म्हणाला, "तुम्ही तर आधीच लिहून ठेवलंय, ऐकणार नाही म्हणून." अंगठी मिळाली नाही. पोलिसांत ते गेले नाहीत. आमचा मुलगा गावातलाच आहे, त्या दिवसापासून खोलीत एकटा जायला घाबरतो.

मला पाटी बदलायची आहे. पाहुण्याला आपण चोर समजतो असं वाटू नये, आमच्या पोरांवरही आधीच बोट ठेवल्यासारखं होऊ नये, आणि उद्या कोणी दोन लाखांचा हार गेला म्हणून आला तर आम्ही बुडूही नये. कोणी असा मजकूर वापरतं का?

सातपुडा_निवास
ताई, एवढा विचार काहून करता? पाटीवर मर्यादा टाका. "हॉटेलची जबाबदारी कमाल पाच हजार रुपये, तक्रार २४ तासांत, नंतर दावा चालणार नाही." मोठ्या हॉटेलांत असंच लिहिलेलं असतं. लिहून लावलं की पाहुण्याला मान्य आहे असंच धरतात. परदेशात तर कायद्यातच मर्यादा आहे. आमच्याकडे हीच पाटी आहे, आजवर कोणी भांडलं नाही.

कोर्टाची_पायरी
सातपुडा भाऊ, परदेशाचं तुमचं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये १९५६ चा हॉटेलमालकांचा कायदा आहे. ठरावीक नोटीस स्वागतकक्षाजवळ ठळक लावली तर एका वस्तूला ५० पौंड आणि एका पाहुण्याला एकूण १०० पौंड अशी मर्यादा मिळते. हॉटेलचीच चूक असेल किंवा वस्तू सांभाळायला म्हणून हॉटेलकडे दिली असेल, तर ती मर्यादाही लागू होत नाही. ती नोटीस इंटरनेटवरून उतरवून आपल्याकडे पुष्कळ जण लावतात. पण तिच्यामागचा कायदा तिकडचा आहे. इथे तुम्ही पाच हजार लिहिले म्हणून कोर्ट पाच हजारांवर थांबेलच असं नाही.

आपल्याकडे गाडी फिरते ती १८७२ च्या करार कायद्यावर. वस्तू सांभाळायला घेतली, तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची, हे कलम १५१. तेवढी घेतली तर नुकसान आपल्या माथी नाही, हे १५२. आता "मालकाच्या जबाबदारीवर" असं छापून या काळजीतून सुटता येतं का? सर्वोच्च न्यायालयानं १४ नोव्हेंबर २०१९ ला दिल्लीच्या ताज महल हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणातून असं सुटता येत नाही. १९९८ मध्ये व्हॅलेला दिलेली गाडी चोरीला गेली होती आणि पार्किंगच्या चिठ्ठीवर "मालकाच्या जोखमीवर" छापलेलं होतं. काळजी घेतली होती हे दाखवायचं ओझं हॉटेलवर आलं.

२४ तासांचंही तसंच. ठरावीक मुदत संपली की हक्कच संपला असं करारात लिहिणं कलम २८ नुसार त्या भागापुरतं निरर्थक ठरतं. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं असतात.

रानपायवाट ताई, तुमच्या पाटीतलं शेवटचं वाक्य आजच काढा. "तक्रार ऐकून घेतली जाणार नाही" हे वाक्य उद्या आयोगासमोर तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जाईल.

गाविलगड
आमच्याकडे चिखलदऱ्याला चोराचं नाव घ्यायची गरजच पडत नाही, माकडं आहेत. एका बाईंची पर्स खिडकीतून नेली, आत मंगळसूत्र होतं. दोन पोरं झाडावर चढली तेव्हा पर्स खाली पडली. मंगळसूत्र मिळालं, औषधाच्या गोळ्या मात्र त्यानं खाल्ल्या. ताई, तुमच्याकडेही वानरं असणारच. तिजोरी कोणत्या कंपनीची आहे? मलाही घ्यायची आहे, कोणती घ्यावी?

रानपायवाट
गाविलगड भाऊ, कोणती घ्यावी त्याचा वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन. खिडकीचं मात्र कार्डात घेते. सफारीच्या पहाटे घाईत खिडकी उघडी राहतेच.

कोर्टाची पायरी जी, मग तिजोरीबद्दल काहीच हमी देऊ नये का? आणि काहीच लिहिलं नाही तर?

जुना_मॅनेजर
मी नागपुरात बरीच वर्षं फ्रंट ऑफिस सांभाळलं, आता भंडाऱ्याला घरी असतो. ताई, पाटीच्या आधी तिजोरीचं बोलतो, कारण पाटीत जे लिहाल ते तिजोरीला आणि तुमच्या माणसांना करता आलं पाहिजे.

पहिलं, मास्टर कोड. बऱ्याच तिजोऱ्या कारखान्यातून एकाच ठरलेल्या कोडवर येतात आणि तो कोड माहितीपत्रकात छापलेला असतो. आज प्रत्येक खोलीत जाऊन तो टाकून बघा. उघडली, तर ज्यानं ते पत्रक वाचलंय त्या प्रत्येकाकडे तुमच्या नऊही खोल्यांची चावी आहे. कोड बदला आणि दोघांपलीकडे सांगू नका. नोकरी सोडून कोणी गेलं की पुन्हा बदला. लोखंडी आपत्कालीन चावी स्वागतकक्षाच्या ड्रॉवरमध्ये टांगलेली असेल तर ती बंद पाकिटात घालून, पाकिटावर सही करून ठेवा.

दुसरं, तिजोरी भिंतीला किंवा कपाटाच्या पाठीला आतून बोल्टनं घट्ट आहे का? हलक्या तिजोऱ्यांचा खटका वरून जोरात आपटल्यावर क्षणभर सरकतो, आणि त्याच वेळी मूठ फिरवली तर दार उघडतं. रिकामी असताना स्वतः करून बघा. तशी उघडली तर ती तिजोरी पाहुण्याला देऊ नका, कार्ड कितीही छान लिहिलं तरी.

तिसरं, आणि तुमच्या अंगठीशी याचाच संबंध आहे. तिजोरी मास्टरनं उघडायची तर पाहुण्यासमोरच. आपली दोन माणसं हवीत, त्यातला एक जबाबदार. दार उघडलं की दोघांनी मागे सरायचं, वस्तू पाहुण्यानं स्वतः बघायच्या, मग नोंदवहीत वेळ लिहून तिघांच्या सह्या. पाहुणा जेवत असेल तर त्याचं जेवण होऊ द्या, तिजोरी कुठे पळत नाही. हे झालं असतं तर अंगठी तिजोरीत होती की लग्नाच्या गडबडीत मागेच राहिली, हे त्याच मिनिटाला कळलं असतं. तुमच्या पोराचं नावही यात आलं नसतं. दोन माणसांचा नियम पाहुण्यापेक्षा आपल्या पोरांना जास्त वाचवतो.

पंचनामा
पोलीस खात्यातून निवृत्त. मॅनेजर साहेबांचं बरोबर. माझी एक सूचना. पाहुण्यानं दागिना स्वागतकक्षात जमा केला तर पावतीवर "सोन्याची साखळी" कधी लिहू नका. पंचनाम्यात आम्ही "पिवळ्या धातूची साखळी" लिहितो. खरं सोनं आहे की बेंटेक्स हे तुम्ही ठरवणार कोण? उद्या तो म्हणेल, मी सोनं दिलं होतं, तुम्ही बदललं.

आठवडी_बाजार
मी हॉटेलवाली नाही, शिक्षिका आहे, वर्षाकाठी दोन-तीन ठिकाणी मुक्काम होतो. माझ्या सासूबाईंच्या हातात कोणी "पिवळ्या धातूची पोत" अशी पावती दिली, तर त्या दुसऱ्या मिनिटाला बॅग भरतील. पन्नास वर्षं गळ्यात असलेली पोत आहे ती. साहेब, तुमची अडचण समजते, पण पाहुण्याला ते "तुमचं सोनं खोटं असेल" असंच ऐकू येतं.

आणखी एक सांगते. एका हॉटेलात टॉवेल नेऊ नये, भिंतीवर लिहू नये आणि मौल्यवान वस्तू सांभाळाव्यात, हे तिन्ही एकाच कागदावर होतं. वाचूनच वाटलं की आपल्याला चोरांच्या रांगेत बसवलंय. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा.

कोर्टाची_पायरी
पंचनामा साहेबांची शंका खरी आणि आठवडी बाजार ताईंची नाराजीही खरी. पावतीवर असं लिहावं: "पाहुण्यांनी सांगितलेलं वर्णन: सोन्याची पोत, एक. पाकीट पाहुण्यांनी स्वतः बंद केलं. आतली वस्तू आम्ही पाहिलेली किंवा तपासलेली नाही." पाकिटाच्या जोडावर पाहुण्याची सही, त्यावर पारदर्शक टेप. परत देताना टेप आणि सही शाबूत आहे हे पाहुण्यानं बघून पावतीवर "जसंच्या तसं मिळालं" लिहून सही करायची. धातूचा प्रश्नच उरत नाही. तुम्ही बंद पाकीट घेतलं आणि बंद पाकीट परत दिलं.

ताई, तुमचा आधीचा प्रश्न. स्वागतकक्षात पाकीट घेतलंत की वस्तू तुमच्या ताब्यात आली, तिथे कलम १५१ सरळ लागतं. खोलीतल्या तिजोरीचं तसं नाही. नंबर पाहुण्याचा, आत काय ठेवलं हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून ताबा दिलाच नाही असं म्हणता येतं. पण मास्टर कोड तुमच्याकडे आहे, म्हणून समोरचा वकील म्हणेल की ताबा दोघांचा होता. हा वाद दोन्ही बाजूंनी लढवता येतो, मी त्यावर पैज लावणार नाही. म्हणून दोन्हींचे शब्द वेगळे ठेवा. पाकिटाबद्दल "आम्ही सांभाळतो" म्हणा. तिजोरीबद्दल "ही सोय आहे, ती अशी उघडते, कोणाला उघडता येते" एवढंच म्हणा. "पूर्ण सुरक्षित" हे शब्द कुठेही नकोत.

सातपुडा_निवास
मग सगळं पाहुण्याच्याच बाजूनं झालं नं. उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल तिजोरीत पन्नास हजार होते.

जुना_मॅनेजर
सातपुडा भाऊ, म्हणू द्या. त्यानं म्हटल्यावर तुमच्याकडे काय असतं ते बघा. काही तिजोऱ्यांत शेवटच्या उघडझापांची नोंद राहते, कोणत्या वेळी पाहुण्याच्या नंबरनं उघडली आणि कोणत्या वेळी मास्टरनं. हातातल्या यंत्रावर ती वाचता येते. दाराचं कुलूप कार्डाचं असेल तर त्याचीही नोंद. व्हरांड्याचा कॅमेरा. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या की खोटा दावा फार काळ टिकत नाही, आणि खरा असेल तर कुठे बघायचं ते कळतं.

यात एक खड्डा आहे. बॅटरी बदलताना तिजोरीचं घड्याळ मागे-पुढे होतं किंवा पार शून्यावर जातं. मग नोंदीत "पहाटे तीन" दिसतं, जेव्हा खरी वेळ सकाळी नऊची असते, आणि रात्रपाळीचा पोरगा विनाकारण अडकतो. प्रत्येक बॅटरी बदलानंतर घड्याळ लावा, कॅमेऱ्याच्या घड्याळाशी जुळवा, वहीत लिहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सेल लवकर उतरतात, ऑक्टोबरात सफारी सुरू होण्याआधी सगळे बदलून टाका.

आणि ताई, तुमच्या तिजोरीत ही नोंद राहतच नसेल तर कार्डावर "नोंद काढून देऊ" असं लिहू नका. लिहिलेलं आणि न केलेलं वचन नुसत्या गप्प बसण्यापेक्षा वाईट.

रानपायवाट
आमच्या तिजोरीत नोंद राहत नाही, आज विक्रेत्याला विचारलं. पत्रकातल्या कोडनं नऊपैकी सात उघडल्या. सातही बदलले. दाराला साधं कुलूप आहे, व्हरांड्यात कॅमेरा आहे.

सगळ्यांचं वाचून हा मजकूर केला. दारामागे पाटी नको, तिजोरीच्या वर छोटं कार्ड लावायचं ठरवलं. नियमांचा कागद वेगळा.

"कपाटातली तिजोरी मुक्कामापुरती तुमची आहे. तुमचा नंबर आम्हाला कळत नाही. सफारीला किंवा जेवायला निघताना दागिने, रोख रक्कम आणि फोन त्यात ठेवा, आणि खिडक्या लावून घ्या. इथली वानरं धीट आहेत.

नंबर विसरलात किंवा तिजोरी उघडत नसेल तर स्वागतकक्षाला सांगा. आमची दोन माणसं तुमच्यासमोर ती उघडून देतील आणि वहीत तुमची सही घेतील. तुम्ही खोलीत नसताना आम्ही तिजोरी उघडत नाही.

जास्त किमतीची वस्तू असेल तर स्वागतकक्षात बंद पाकिटात ठेवता येते, पावती मिळते. पहाटेच्या सफारीसाठी आदल्या रात्री नऊपर्यंत द्या.

एखादी वस्तू सापडत नसेल तर शक्यतो निघण्याआधीच सांगा. आपण मिळून शोधू. कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून जितकं लवकर कळेल तितकं बरं. पोलिसांत कळवायचं असेल तर आमचा माणूस सोबत येईल.

तिजोरीबाहेर ठेवलेल्या वस्तूंवर आम्हाला लक्ष ठेवता येत नाही, त्या तुमच्या जबाबदारीवर राहतात. आमच्या किंवा आमच्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर ही अट लागू नाही."

शेवटच्या वाक्यावरून भाऊ आणि माझं जुंपलंय. तो म्हणतो, आपणच लोकांना वाट दाखवतोय.

कोर्टाची_पायरी
भावाला सांगा, ती वाट कायद्यानं आधीच उघडी आहे. वाक्य काढलं तरी निष्काळजीपणाची जबाबदारी जात नाही, ठेवलं तर वाढत नाही. फायदा एवढाच की उरलेली अट एकतर्फी दिसत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात अन्यायकारक करारावर वेगळी तक्रार करता येते, तिथे हे उपयोगी पडेल.

दोन बदल करा. "तुमच्या जबाबदारीवर राहतात" ऐवजी "त्यांची काळजी तुम्ही घ्यावी ही विनंती" लिहा. कायद्याच्या दृष्टीनं फार फरक पडत नाही, पाहुण्याच्या दृष्टीनं पडतो. आणि हाच मजकूर बुकिंगच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पैसे भरून खोलीत पोचल्यावर जी अट पहिल्यांदा दिसते, ती पाहुण्यानं मान्य केली होती असं म्हणणं अवघड जातं. नोंदणीच्या वहीत त्याची एक ओळ आणि शेजारी सही घ्या.

आठवडी_बाजार
कार्ड वाचलं. मला आवडलं. "तुम्ही खोलीत नसताना आम्ही तिजोरी उघडत नाही" हे वाक्य वाचून मी खरंच दागिने त्यात ठेवीन. "मिळून शोधू" हेही चांगलं. पण तुमच्या माणसांनी बोलतानाही तसंच बोलायला हवं. मागे एकदा माझं घड्याळ सापडत नव्हतं, तेव्हा काउंटरवरच्या मुलानं पहिला प्रश्न केला, "मॅडम, घरूनच आणलं होतं ना?" घड्याळ नंतर मिळालं, तो प्रश्न मात्र लक्षात राहिला.

जुना_मॅनेजर
हे बरोबर सांगितलं. पोरांना दोनच वाक्यं शिकवा. पहिलं, "मी लगेच साहेबांना बोलावतो, तोवर खोली आहे तशी ठेवू या." दुसरं, "तुम्ही शेवटचं कधी पाहिलं होतं ते सांगाल का, म्हणजे कॅमेऱ्यात त्या वेळेपासून बघता येईल." दुसऱ्या वाक्यात आठवणीचा प्रश्न आहे, पण कारण सोबत आहे म्हणून उलटतपासणी वाटत नाही. चादर बदलणं, झाडू मारणं तिथल्या तिथे थांबवायचं. आणि पाहुण्यासमोर आपल्या पोरांच्या पिशव्या झाडायच्या नाहीत. मालक घाबरून तेच पहिलं करतो. त्यातून वस्तू क्वचितच मिळते आणि गावात पोराचं नाव खराब होतं.

पंचनामा
एवढंच सांगतो, कोणाची झडती घ्यायची ती पोलीस घेतील. तक्रार आली तर पाहुण्याला थांबवू नका, परावृत्त करू नका. "आपसात मिटवू" असं मालक म्हणाला की आमचा पहिला संशय मालकावरच जायचा.

सातपुडा_निवास
ठीक आहे, पाच हजारांची ओळ मीही काढतो. पण मग भरपाई द्यायची वेळ आली तर पैसा कुठून आणायचा? माझ्याकडे चोरीचा विमा आहे, तो चालेल का?

कोर्टाची_पायरी
पॉलिसीत दोन गोष्टी बघा. पाहुण्यांच्या मालाचा वेगळा उल्लेख आहे का? साध्या पॉलिसीत सहसा तुमचाच माल असतो. दुसरं, चोरीच्या व्याख्येत कुलूप तोडून किंवा बळानं आत शिरल्याची अट असते. मास्टर कोडनं शांतपणे उघडलेल्या तिजोरीत तोडफोडीची खूण नसते, तिथे कंपनी हात वर करू शकते. आपल्याच माणसानं केलेल्या चोरीचा विमा वेगळा असतो, आणि पाहुण्यांना झालेल्या नुकसानीचा वेगळा.

रानपायवाट
आमची पॉलिसी काढून बघितली. "पाहुण्यांचा माल" कुठेच नाही. एजंटला विचारलं तर म्हणतो, जोडून मिळेल, पण प्रत्येक तिजोरीची नोंद निघायला हवी अशी अट कंपनी घालू शकते. म्हणजे नोंद ठेवणाऱ्या तिजोऱ्या घ्याव्या लागतील. नऊ एकदम परवडणार नाहीत. आधी स्वागतकक्षात एक चांगली मोठी घ्यावी आणि खोल्यांत जुन्याच ठेवाव्यात, की उलट? कोणी असं टप्प्याटप्प्यानं केलंय का?

जुना_मॅनेजर
आधी स्वागतकक्षाची घ्या, कारण तिथे ताबा तुमचा असतो. खोल्यांतल्या ज्या दोनचा कोड कारखान्याचा नव्हता, तो कोणी बदलला आणि कोणाला माहीत आहे, हे आधी शोधा. तोवर त्या दोन खोल्यांत कार्ड लावू नका.

रानपायवाट
भाऊ आत्ता आधीच्या मालकाला फोन लावतोय. कळलं की लिहिते.